हेकिन-आशी कँडल: काय दाखवते आणि काय झाकते
(आमच्या चार्ट-क्लासच्या आणि बॅकटेस्ट करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मागे एक ग्राहक ऑफिसात आले आणि टेबलावर मोबाईल ठेवून म्हणाले, "हे बघा, कँडल हिरवीच हाय की अजून! मग माझा स्टॉपलॉस उडाला कसा?" एक्सचेंजनं काहीतरी गडबड केली असा त्यांचा संशय होता. गडबड कुणीच केली नव्हती. ते हेकिन-आशी चार्ट बघत होते, आणि त्या चार्टवर दिसणारा भाव बाजारातला भाव नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हाच प्रश्न बऱ्याच जणांकडून येतो, म्हणून हे पत्रक.

हेकिन म्हणजे जपानीत सरासरी, आणि आशी म्हणजे पाय. चार्टवाले लोक आशी कँडलला म्हणतात. थोडक्यात, सरासरीची कँडल. क्रिप्टोत ती लोकांना आवडते, कारण साध्या चार्टवर लाल-हिरवा असा सारखा खेळ चालू असतो आणि चांगल्या तेजीतही माणूस दोन लाल कँडल बघून घाबरून बाहेर पडतो. हेकिन-आशीत तेजी सलग हिरवी दिसते, मंदी सलग लाल. हा फायदा खरा आहे. पण सरासरी काढली की काहीतरी पुसलं जातंच.

आपल्या गुळाच्या सौद्यांचं बघा. दिवसाअखेर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर जाहीर होतात. सरासरी दर बघून बाजाराचा कल कळतो, पण दलालाच्या पेढीवर जाऊन "मला सरासरी दरानं पट्टी करा" म्हटलं तर तो हसेल. माल जातो तो त्या क्षणी बोली लागलेल्या दरानं. हेकिन-आशीचा भाव हा असाच जाहीर झालेला सरासरी दर आहे.

गणित कसं होतं

```
HA Close = (O + H + L + C) / 4
HA Open  = (मागील HA Open + मागील HA Close) / 2
HA High  = max(H, HA Open, HA Close)
HA Low   = min(L, HA Open, HA Close)
```

म्हणजे क्लोज ही त्या दिवसाच्या चार भावांची सरासरी. ओपनचा आजच्या बाजाराशी संबंधच नाही. मागच्या कँडलच्या बॉडीचा मध्य काढला की आजचं ओपन तयार. सगळं गुळगुळीतपण इथून येतं आणि सगळा उशीरही इथूनच. पहिल्या कँडलला मागची कँडल नसते, म्हणून तिचं ओपन बहुधा खऱ्या ओपन आणि क्लोजची सरासरी घेतात.

आता एका कॉईनचे सहा दिवस घेऊ. आकडे आम्ही हिशेबाला सोपे जावेत म्हणून बनवलेत, भाव रुपयांत. तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन पडताळून बघा.

| दिवस | ओपन | हाय | लो | क्लोज | हेकिन ओपन | हेकिन क्लोज |
|---|---|---|---|---|---|---|
| 1 | 100 | 106 | 98 | 104 | 102 | 102 |
| 2 | 104 | 112 | 103 | 109 | 102 | 107 |
| 3 | 109 | 113 | 105 | 107 | 104.5 | 108.5 |
| 4 | 107 | 120 | 107 | 118 | 106.5 | 113 |
| 5 | 118 | 122 | 105 | 107 | 109.75 | 113 |
| 6 | 107 | 109 | 99 | 101 | 111.375 | 104 |

तिसऱ्या दिवसाकडे बघा. खऱ्या बाजारात तो दिवस लाल आहे, 109 ला उघडून 107 ला बंद. हेकिन-आशीत मात्र तो हिरवा, तोही खाली शेंडी नसलेला, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या भाषेत 'जोरदार तेजी'. आणि इथं ती कँडल बरोबर ठरली: लाल बघून जो निघून गेला त्याची चौथ्या दिवशीची 118 पर्यंतची चाल हुकली. हेकिन-आशी लोक वापरतात ते अशा दिवसांसाठी.

पाचव्या दिवशी उलटं घडलं. कॉईन 118 ला उघडला, 122 करून आला, 105 पर्यंत कोसळला आणि 107 ला बंद झाला. एका दिवसात 9 टक्क्यांहून जास्त घसरण. हेकिन-आशी काय म्हणते? ओपन 109.75, क्लोज 113. हिरवी कँडल. पडझड तिनं सरासरीत जिरवून टाकली. आमच्या ग्राहकांचंही असंच झालं होतं: त्यांनी चौथ्या दिवसासारख्या कँडलच्या तळाला, इथल्या हिशेबात 106.5 ला, स्टॉपलॉस लावला होता. खरा भाव 105 पर्यंत गेला, ऑर्डर लागली, आणि कँडल हिरवीच राहिली. ऑर्डर चार्टचा रंग बघून लागत नाही, व्यवहार झालेल्या भावावर लागते. (आणि खरं सांगायचं तर स्टॉपलॉस उडाला ते बरंच झालं, पुढच्या दिवशी भाव 101 आहे.)

मग त्या कँडलवर काहीच खूण नव्हती का? होती, फक्त रंगात नव्हती. चौथ्या दिवशी हेकिन बॉडी 6.5 रुपयांची होती, पाचव्या दिवशी 3.25, बरोबर निम्मी. शिवाय तीन दिवस खाली शेंडी नव्हती, ती आता 109.75 पासून 105 पर्यंत लोंबली, वरही 122 पर्यंत गेली. बॉडी आखडणं आणि दोन्हीकडे लांब शेंड्या येणं ही रंग बदलण्याच्या आधीची खूण. नुसता रंग बघणाऱ्याला ती दिसत नाही.

सहाव्या दिवशी अखेर लाल कँडल आली. तीही वर शेंडी नसलेली, हाय 111.375 दाखवणारी. त्या दिवशी बाजारात 109 च्या वर एकही व्यवहार झालेला नाही. तक्त्यातल्या दुसऱ्या दिवशीही असंच: चार्टवर तळ 102, खरा तळ 103. शेंडी नसली की हेकिन-आशीचा तळ किंवा माथा बहुतेक वेळा हा काल्पनिक आकडा असतो. त्यामुळं 'हेकिनच्या लो खाली स्टॉपलॉस' लावताना खरा लो कुठं आहे ते साध्या चार्टवर बघूनच लावा.

बॅकटेस्टमधला खोटा नफा

हा भाग सगळ्यात महाग पडतो, म्हणून थोडा सावकाश वाचा. समजा नियम असा: हेकिन हिरवी झाली की पुढच्या दिवशीच्या ओपनला घ्यायचं, लाल झाली की पुढच्या दिवशीच्या ओपनला विकायचं. वरच्या तक्त्यात दुसऱ्या दिवशी हिरवी आली, म्हणून तिसऱ्या दिवशी खरेदी. सहाव्या दिवशी लाल आली, म्हणून सातव्या दिवशी विक्री.

हेकिन-आशी चार्टवरच बॅकटेस्ट चालवली तर सॉफ्टवेअर तिसऱ्या दिवसाचं हेकिन ओपन घेतं, 104.5. सातव्या दिवसाचं हेकिन ओपन म्हणजे 111.375 आणि 104 चा मध्य, 107.69. नफा 3.19 रुपये. छान.

खऱ्या बाजारात तिसऱ्या दिवशी 109 ला मिळालं असतं. क्रिप्टो चोवीस तास चालतो, त्यामुळं सातवा दिवस सहाव्याच्या क्लोजजवळच, साधारण 101 ला उघडतो. तोटा 8 रुपये. एकाच नियमावर, त्याच सहा दिवसांत, कागदावर नफा आणि खिशात तोटा. त्यात आपल्याकडे 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आहे, आणि एका कॉईनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करून मिळत नाही. तेव्हा हे 8 रुपये 8 च राहतात.

एखाद्यानं दाखवलेल्या बॅकटेस्टमध्ये इक्विटीची रेघ शिडीसारखी सरळ वर जात असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: चार्ट कुठला होता? आणि दोन-चार ट्रेडच्या तारखा घेऊन त्या दिवशीचा खरा ओपन साध्या चार्टवर बघा. जुळत नसेल तर बाकीचं ऐकायची गरज नाही. ट्रेडिंगव्ह्यूवर पाइन स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी सोय आहे. हेकिन चार्टवरही ऑर्डर खऱ्या भावानं भरायला सांगता येतं:

```
//@version=5
strategy("HA test", overlay=true, fill_orders_on_standard_ohlc=true)
```

आमच्याकडून बॅकटेस्ट करून घेतली तर सिग्नल हेकिनचा आणि भाव खरा, अशीच करून मिळेल. त्यामुळं आमचे निकाल कधीकधी बाहेरच्यांपेक्षा वाईट दिसतात. दिसू देत.

चालू कँडल आणि रात्रीचे निर्णय

क्रिप्टोची दिवसाची कँडल बहुतेक ठिकाणी यूटीसी मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रात्री दहाला गंगावेशीत दूध पीत मोबाईलवर हिरवी कँडल बघितली, तर तिचे अजून साडेसात तास शिल्लक आहेत. हेकिन ओपन ठरलेलं असतं, पण हाय, लो आणि चालू भाव बदलतील तसं हेकिन क्लोज सरकत राहतं. रात्रीची हिरवी पहाटे लाल झालेली सापडू शकते. मागे वळून बघताना मात्र चार्टवर फक्त शेवटचा रंग उरतो. 'त्या दिवशी लाल दिसली असती तर मी निघालो असतो' असं वाटतं ते यामुळंच. त्या दिवशी ती रात्रभर हिरवी असू शकते.

आणखी एक गोष्ट, लहान आहे पण गोंधळ घालते. दोन अ‍ॅपवर एकाच कॉईनची हेकिन कँडल थोडी वेगळी दिसली तर घाबरू नका. एकानं इतिहास वेगळ्या दिवसापासून सुरू केला असेल. पहिल्या कँडलच्या ओपनमधला फरक दर कँडलला निम्मा होतो. दहा कँडलनंतर हजाराव्या भागाहून कमी उरतो. म्हणजे फरक जाणवेल तो नुकत्याच लिस्ट झालेल्या कॉईनवर. जुन्या कॉईनवर दिसत असेल तर कारण दुसरं शोधा, बहुधा दोन्हीकडच्या दिवसाची वेळ वेगळी असते.

हेकिन चार्टवर आरएसआय किंवा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावलं तर ते हेकिनच्याच आकड्यांवर मोजलं जातं, म्हणजे सरासरीची सरासरी. उशीर दुप्पट नाही झाला तरी वाढतोच. हॅमर, एनगल्फिंग असले पॅटर्न तर या चार्टवर वाचूच नका. ओपन मागच्या बॉडीच्या मधोमध बसवलेलं असताना त्यांना काही अर्थ राहत नाही.

आम्ही स्वतः स्क्रीन दोन भागांत करतो: वर हेकिन-आशी, खाली तोच कॉईन साध्या कँडलमध्ये, वेळ एकच. ट्रेंड वरून बघतो. एंट्री, स्टॉपलॉस आणि एक्झिटचा आकडा खालून घेतो. ज्यांना सवय नाही त्यांनी आठवडाभर नुसती वही ठेवावी: रोज पहाटे साडेपाचनंतर हेकिन क्लोज एका रकान्यात, खरा क्लोज दुसऱ्यात, फरक तिसऱ्यात. शांत दिवशी फरक किरकोळ येईल. पाचव्या दिवसासारखा दिवस आला की 113 आणि 107 असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावे लागतील.

ती वही घेऊन या, तुमच्या कॉईनवर बसून बघू. कुठला कॉईन घ्यायचा ते विचारू नका, टिप आम्ही देत नाही.