लघुपटाचा शेवट : अंतिम दृश्य आणि अखेरची प्रतिमा

लघुपटाच्या शेवटात दोन कामे असतात आणि ती बरेचदा एकच समजली जातात. अंतिम दृश्यात घटना पुरी होते. पडदा काळा होण्याआधी जे शेवटचे चित्र दिसते, त्यात त्या घटनेचा अर्थ प्रेक्षकाला लागतो. ऑस्करच्या नियमांप्रमाणे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात मोडतो, पण पुष्कळ लघुपट याच्या निम्म्याहूनही छोटे असतात. एवढ्या अवधीत एखादे पात्र आमूलाग्र बदलले तर ते सहसा पटत नाही. प्रेक्षकाने आधी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीचा अर्थ मात्र बदलता येतो, आणि परिणामकारक शेवट बहुधा यातूनच तयार होतो. त्यामुळे अखेरच्या प्रतिमेची तयारी पहिल्या काही मिनिटांतच करावी लागते.

उदाहरणादाखल १२ मिनिटांची एक कल्पित कथा घेऊ. आई वारल्यावर मुलगा तिची गाडी विकायला काढतो. आई बुटकी, मुलगा उंच. पहिल्याच दृश्यात तो गाडीत कसाबसा बसतो, गुडघे स्टिअरिंगला टेकतात. प्रेक्षकाला हसू येते. मध्यावर मित्र म्हणतो, “अरे, सीट मागे घे ना.” तो म्हणतो, “असू दे,” आणि विषय बदलतो. शेवटी गाडी घ्यायला आलेला माणूस चालकाच्या जागेवर बसतो, सवयीने सीटखालचा दांडा ओढतो आणि सीट खटकन मागे सरकते. मुलगा बाहेर उभा राहून हे पाहतो.

पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात यापुढेही मजकूर असण्याची शक्यता दाट: मुलाचे डोळे भरून येतात, “आईची सीट होती ती,” असे तो म्हणतो, गाडी लांब जाते. यातले वाक्य सर्वांत आधी काढावे, कारण प्रेक्षकाने नुकतेच स्वतः जुळवलेले ते त्याला पुन्हा सांगते. दूर जाणारी गाडी कोणत्याही निरोपाच्या गोष्टीला चालेल, म्हणून तीही नको. उरतात दोन पर्याय: सरकलेली सीट किंवा मुलाचा चेहरा. सीटवर संपवले तर शेवट कोरडा आणि धारदार होतो. चेहऱ्यावर संपवले तर प्रेक्षकाला थोडा वेळ मिळतो, पण त्या चेहऱ्याने फार काही करता कामा नये. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग इथे आठवावा : एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला की पाहणारा त्यात वेगवेगळी भावना वाचतो. सीटचा खटका ऐकल्यानंतर दिसणाऱ्या शांत चेहऱ्यात दुःख प्रेक्षकच भरतो. नटाने ते आधीच भरून ठेवले, तर प्रेक्षकाला करायला काही राहत नाही.

हे पर्याय संकलनात हाताशी हवेत, तर चित्रीकरणातच त्यांची सोय करावी लागते. शेवटच्या शॉटला दिग्दर्शकाने लगेच ‘कट’ म्हणू नये. क्रिया संपल्यावर कॅमेरा आणखी १०-१५ सेकंद चालू ठेवावा. अभिनय संपला असे वाटून नट सैल होतो, तो क्षण कधीकधी टेकमधला सर्वांत खरा ठरतो. खटक्याचा आवाज जवळून वेगळा टिपावा आणि त्या जागेची शांतताही किमान अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करावी. पडदा काळा झाल्यावर तीच शांतता दोन-तीन सेकंद चालू राहिली की दृश्य तुटल्यासारखे वाटत नाही. पार्श्वसंगीत श्रेयनामावलीबरोबर सुरू करणे सुरक्षित. खटक्याच्या आधीच व्हायोलिन वाजू लागले, तर काय वाटून घ्यायचे हे प्रेक्षकाला आधीच कळते.

कट नेमका कुठे, हे एका साध्या कसोटीने ठरवता येते. शेवटाकडून एकेक शॉट काढत जावे आणि दर वेळी विचारावे, चित्रपट इथे संपला तर काय हरवेल? काहीच हरवत नसेल तोवर काढत राहावे. मग गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना चित्रपट दाखवावा. ‘आवडला का’ हा प्रश्न इथे निरुपयोगी. शेवटी काय झाले ते त्यांना सांगायला लावावे. “गाडी विकली” एवढेच उत्तर आले, तर दोष शेवटात नसून बहुधा मध्यावरच्या “असू दे”मध्ये असतो: ते घाईत निसटले, किंवा त्या वेळी सीट चौकटीत दिसलीच नाही. अशा वेळी शेवट लांबवून उपयोग होत नाही, मधला शॉट दुरुस्त करावा लागतो. उलट “सीटचे आधीच कळले होते” असे ऐकू आले, तर सीटकडे एकदा जास्त बोट दाखवले गेले आहे.

खुल्या शेवटालाही हेच लागू पडते. मुलगा पुढे काय करील हे मोकळे ठेवता येते, पण सीट सरकली की नाही हे मोकळे ठेवले, तर ती अपुरी राहिलेली गोष्ट ठरते. धक्का देणाऱ्या शेवटाला मात्र ही पद्धत पुरत नाही. तिथे माहिती दडवायची असते, म्हणून आधीच्या खुणा दिसल्या तरी लक्षात येऊ नयेत अशा पेराव्या लागतात, आणि दुसऱ्यांदा पाहताना त्या सापडायलाही हव्यात.