कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का? पाच मिनिटांत बघा (व्हिडिओ स्क्रिप्ट)

(कॅमेऱ्यासमोर, हातात मतदार ओळखपत्र)

नमस्कार मंडळी. हे कार्ड सगळ्यांच्या घरात असतं, कपाटात, फाइलमध्ये नाहीतर देवघराच्या खणात. आणि आपल्याला वाटतं कार्ड आहे म्हणजे झालं, आपण मतदार. तर तसं नाहीये. मतदान केंद्रावर तुमचं नाव यादीत शोधतात आणि ते असेल तरच पुढचं सगळं. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं, म्हणून तर ते हरवलं असलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स असं काहीतरी दाखवून मत देता येतं. पण यादीत नावच नसेल तर कार्ड असूनही देता येत नाही.

सुरुवातीलाच सांगते, कोणाला मत द्यायचं, द्यायचं की नाही, हा विषय इथे नाही. फक्त नाव कसं बघायचं आणि नसेल तर काय करायचं एवढंच.

(स्क्रीन रेकॉर्डिंग: electoralsearch.eci.gov.in)

मोबाइलवर ही साइट उघडा. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नको, पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी gov.in आहे ना ते बघा. शोधायचे तीन मार्ग दिसतील, EPIC नंबरने, माहिती भरून आणि मोबाइल नंबरने. EPIC म्हणजे तुमच्या कार्डावरचा नंबर, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे. तो टाका, राज्य महाराष्ट्र निवडा, कॅप्चा भरा, सर्च. यात पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही.

नाव आलं की लगेच साइट बंद करू नका. विधानसभा मतदारसंघ कोणता आलाय, यादी भाग क्रमांक किती, त्या भागात तुमचा अनुक्रमांक किती, आणि मतदान केंद्र कुठलं, हे चार बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हातात असला की केंद्रावर दोन मिनिटांत काम होतं. बाहेर टेबल टाकून बसलेली मंडळी, कुठल्याही पक्षाची असोत, नाव शोधून देतात हे खरं, पण त्या दिवशी तिथे उभं राहून नाव नाही असं कळलं तर करण्यासारखं काहीच उरत नाही.

आता, "No Result Found" आलं तर घाबरू नका, नाव उडालं असं लगेच समजू नका. ज्यांची कार्डं खूप जुनी आहेत त्यांच्यावर MT ने सुरू होणारा, मध्ये तिरप्या रेघा असलेला लांबलचक नंबर असतो, त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर नवा दहा अक्षरी नंबर मिळालाय. म्हणून दुसरा मार्ग घ्या, माहिती भरून शोधा. इथे खरी गंमत स्पेलिंगची आहे. ज्योत्स्ना, ऋतुजा, ज्ञानेश्वर असली नावं यादीत टाइप करताना काय झालं असेल सांगता येत नाही, ऋतुजाचं रुतुजा झालेलं असतं, इंग्रजीत तर Rutuja पण असतं आणि Hrutuja पण. दोन-तीन प्रकारे टाकून बघा. वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याच्या नावाने बघा. लग्न झालेल्या बायकांनी आधी माहेरच्या आडनावाने आणि माहेरच्याच जिल्ह्यात शोधावं, निम्म्या वेळा नाव तिथेच सापडतं!

(स्क्रीन: voters.eci.gov.in)

हेच उदाहरण घेऊ. समजा वैशाली, माहेर कराडचं, नाव कराड दक्षिणच्या यादीत, लग्न होऊन पुण्यात हडपसरला आली. तिला कोणीतरी सांगतं, नवीन अर्ज भर, फॉर्म 6. इथेच चूक होते. फॉर्म 6 हा पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे, त्यात माझं नाव दुसरीकडे कुठे नाही असं लिहून द्यावं लागतं. वैशालीचं तर आहे, म्हणजे ती नकळत खोटं लिहून देणार, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला पाहिजे, गावाकडे पण राहू दे आणि इकडे पण, असं चालत नाही.

वैशालीला लागतो फॉर्म 8. मोबाइल नंबर आणि ओटीपीने लॉगिन करायचं, फॉर्म 8 उघडायचा, आपला EPIC नंबर टाकायचा, मग "Shifting of Residence" आणि त्यात "Outside Assembly Constituency". नवा पत्ता लिहायचा आणि पुरावा जोडायचा, लाइट बिल, पाण्याचं किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणी केलेला भाडेकरार, यातलं एक. बिल किमान एक वर्षापासूनच्या कनेक्शनचं लागतं, आणि भाड्याने राहणाऱ्यांनो, साध्या स्टॅम्प पेपरवरचा करार चालत नाही, रजिस्टर्डच लागतो. बिल तुमच्या नावावर नसून नवऱ्याच्या नावावर असेल तरी चालतं, फक्त त्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असायला हवं. आडनाव बदलायचं असेल तर ती दुरुस्ती, ती पण फॉर्म 8 मध्येच होते. EPIC नंबर मात्र तोच राहतो.

सबमिट केलं की रेफरन्स नंबर येतो, तो लिहून ठेवा. मग बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुतेक वेळा झेडपीचे शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका, घरी येऊन चौकशी करतात किंवा फोन करतात. तो फोन अनोळखी नंबर म्हणून कट केला आणि घराला कुलूप सापडलं की अर्ज अडकतो. साइटवरच त्याच रेफरन्स नंबरने स्टेटस बघत राहा. नामंजूर झाला तर कारण लिहिलेलं असतं, आणि पटलं नाही तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

नाव खरंच कुठेच नाही, आणि तुम्ही भारतीय नागरिक आहात, 18 पूर्ण झालीत, तिथे नेहमी राहता, तर मग फॉर्म 6. फोटो, वयाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट वगैरे, आणि राहण्याचा पुरावा. पूर्वी फक्त 1 जानेवारीला 18 पूर्ण झालेली धरायचे, 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर पण धरतात, त्यामुळे पोरांना वर्षभर थांबावं लागत नाही.

(कॅमेऱ्यासमोर)

एक वेळेचं गणित. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, मग अर्ज केला तरी नाव पुढच्या वेळेला. आणि अर्जावर काम व्हायलाच दिवस लागतात, म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ केली तर बहुतेक उशीरच होतो. महापालिका, झेडपीचं तर अजून वेगळं आहे. तिथे राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो आणि प्रभागानुसार फोडतो, त्या तारखेनंतर आलेलं नाव त्यात येत नाही. प्रभागाची प्रारूप यादी लागली की तुमच्या गल्लीची नावं भलत्याच प्रभागात गेली नाहीत ना तेवढं बघा, त्यावर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात.

नेट जमत नसेल तर 1950 ला फोन लावा, मोबाइलवरून लावताना आधी आपल्या जिल्ह्याचा एसटीडी कोड टाका, किंवा तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत जा, तिथे फॉर्म कागदावर पण भरून घेतात.