रिकामी मज्जा आणि फसलेल्या रोपणातून सापडलेला उपाय

1888 साली बर्लिनमध्ये पाउल एर्लिख यांनी 21 वर्षांच्या एका गरोदर तरुणीच्या आजाराची नोंद केली. तीव्र रक्तक्षय, रक्तस्राव, ताप, आणि पाहता पाहता मृत्यू. शवविच्छेदनात तिच्या मांडीच्या हाडातली मज्जा पिवळी, चरबीने भरलेली निघाली. प्रौढ माणसाच्या लांब हाडांत एरवीही बरीच चरबी असते, पण शरीरातले रक्त घटले की ती मज्जा पुन्हा लाल होते आणि कामाला लागते. इतका रक्तक्षय असूनही इथे मज्जा लाल झालीच नव्हती. रक्तातही नव्याने तयार होणाऱ्या तांबड्या पेशींची चाहूल नव्हती. रक्त नुसते वाहून गेले नव्हते, ते तयार होणेच थांबले होते. एर्लिख यांना खटकले ते हेच.

1904 मध्ये फ्रेंच वैद्य शोफार यांनी या आजाराला ‘अप्लास्टिक’ हे विशेषण जोडले. त्याचा अर्थ, घडण थांबलेली. पुढचा ‘ॲनिमिया’ हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. आजही कित्येकांना हा लोहाच्या गोळ्यांनी भरून निघणारा रक्तक्षय वाटतो. प्रत्यक्षात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या तिन्हींचा उगम मज्जेतल्या मूळ पेशींत असतो आणि तो उगमच आटलेला असतो. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर. त्यामुळे मज्जा थांबली तरी माणूस लगेच पांढरा पडेलच असे नाही. बऱ्याचदा आधी हिरड्यांतून रक्त येते, नडगीवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके उठतात, नाहीतर ताप येतो आणि उतरतच नाही.

पुढची कित्येक दशके सगळा रोख विषांवर होता. बेंझिनच्या वाफेत काम करणारे कामगार या आजाराने दगावल्याच्या नोंदी 19व्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. 1950 च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकावर संशय आला. हे दोन्ही धागे खरे होते, पण त्यांनी विचार एकाच दिशेला बांधून ठेवला. मज्जा म्हणजे जळून गेलेले शेत आणि त्यावर उपाय एकच, नवे बियाणे, असे सगळे धरून चालले. बहुतेक रुग्णांच्या आयुष्यात असे कोणतेही विष सापडत नव्हते, याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

बियाण्याचा प्रयोग जुळ्या भावंडांवर सहज करता येत होता. एकरूप जुळ्याची मज्जा परकी नसते, तेव्हा नुसती शिरेतून सोडली तरी रुजायला हवी. काहींमध्ये ती रुजलीही. पण बऱ्याच रुग्णांत ती रुजली नाही, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती आधी औषधांनी दडपून तीच मज्जा पुन्हा दिली तेव्हा मात्र रुजली. म्हणजे शेत जळालेले नव्हते, कुणीतरी पीक खाऊन टाकत होते.

याहून मोठा धक्का फ्रान्समध्ये बसला. जॉर्ज माते यांनी पूर्ण न जुळणारी मज्जा देण्याआधी रुग्णांना लसिकापेशींविरुद्धचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींविरुद्धचा, सीरम दिला, परकी मज्जा शरीराने फेकून देऊ नये म्हणून. ती रुजली नाही, म्हणजे रोपण फसले. तरी काही रुग्णांचे रक्त सुधारू लागले, आणि त्या पेशी दात्याच्या नव्हत्या, रुग्णाच्या स्वतःच्या होत्या. 1970 मध्ये हे प्रसिद्ध झाले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ब्रुनो श्पेक यांनी हा धागा पुढे नेला. पूर्वतयारी म्हणून दिलेला सीरमच खरे औषध होता! स्वतःच्याच टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या लसिकापेशी, मज्जेतल्या मूळ पेशींवर तुटून पडत होत्या आणि सीरमने त्या आवरल्या होत्या.

आजचे उपचार नवी मज्जा देणे आणि हल्ला आवरणे या दोन्ही वाटांनी जातात. त्या कशा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. 26 वर्षांचा तरुण, वजन 60 किलो. हिमोग्लोबिन 6.1, प्लेटलेट्स 8,000, पांढऱ्या पेशी 1,600. या शेवटच्या आकड्यावर थांबू नये, कारण त्यातले न्यूट्रोफिल फक्त 20 टक्के आहेत, म्हणजे 320. उरलेल्या बहुतेक लसिकापेशी. नव्याने बाहेर पडलेल्या तांबड्या पेशींचे, म्हणजे रेटिक्युलोसाइट्सचे, प्रमाण 0.3 टक्के. सुईने ओढलेल्या मज्जेच्या थेंबावरून निदान पक्के होत नाही, हाडाचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यात पेशींनी व्यापलेला भाग 10 टक्के, बाकी चरबी. या वयात तो साधारण 70 टक्के असायला हवा. ल्युकेमियाच्या पेशी नाहीत, तंतूंची जाळी नाही. मज्जेत 25 टक्क्यांहून कमी पेशी आणि 500 पेक्षा कमी न्यूट्रोफिल, 20,000 पेक्षा कमी प्लेटलेट्स, रेटिक्युलोसाइट्सची घट या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की आजार तीव्र धरतात. ही मोजपट्टी 1976 पासूनची आहे. न्यूट्रोफिल 200 च्या खाली गेले तर अतितीव्र.

या वयात पहिला प्रश्न सख्ख्या भावंडाची मज्जा जुळते का हा. प्रत्येक भावंडामागे शक्यता चारांत एक. जुळली तर तरुण रुग्णाला सहसा थेट रोपण. म्हणूनच रोपणाची शक्यता असेपर्यंत घरच्या माणसांचे रक्त चढवू नये. त्या रक्ताविरुद्ध शरीर तयार झाले तर पुढे त्याच घरातली मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो.

भावंड जुळले नाही, किंवा रुग्ण चाळिशीच्या पुढचा असला, तर सहसा दुसरी वाट. एटीजी, म्हणजे टी-पेशींना आवरणारे, घोड्यापासून बनवलेले तसेच सीरमजन्य औषध, दिवसाला किलोमागे 40 मिलिग्रॅम, चार दिवस. या तरुणाला रोज 2,400 मिलिग्रॅम. सोबत टी-पेशींना दाबून ठेवणारे सायक्लोस्पोरिन कित्येक महिने. आठवडा-दोन आठवड्यांत परक्या प्रथिनामुळे ताप, पुरळ, सांधेदुखी होऊ शकते. ती सौम्य व्हावी म्हणून स्टिरॉइड देतात. नंतरचे थांबणे अवघड असते. मज्जा जागी व्हायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर रुग्ण चढवलेल्या रक्तावर आणि प्लेटलेट्सवर तगतो, आणि बुरशीचा संसर्ग हा सर्वांत मोठा धोका. घोड्याऐवजी सशाचे एटीजी लसिकापेशी अधिक जोरात मारते, म्हणून ते सरस ठरेल असे वाटले होते. 2011 च्या तुलनेत सहा महिन्यांनी प्रतिसाद घोड्याचे घेतलेल्यांत 68 टक्के, सशाचे घेतलेल्यांत 37 टक्के निघाला.

एल्ट्रॉम्बोपॅग ही गोळी मुळात प्लेटलेट्स वाढवण्यासाठी बनली. ती पेशीवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या रेणूला, चिकटते तो मूळ पेशींवरही असतो. 2012 मध्ये एटीजीने न सुधारलेल्या 25 रुग्णांना ती दिली. 11 जणांना प्रतिसाद मिळाला, आणि काहींच्या तांबड्या व पांढऱ्या पेशीही वाढल्या. पुढे ती सुरुवातीपासूनच एटीजीच्या जोडीला आली.

ही वाट मूळ पेशी बदलत नाही, फक्त हल्ला थांबवते. सायक्लोस्पोरिन कमी करताना काहींचे आकडे पुन्हा घसरतात, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. हल्ल्यातून वाचलेल्या मोजक्या पेशींवर सगळा भार पडतो आणि काही वर्षांनी त्यांतून एखाद्या बिघडलेल्या पेशीचे कुळ माजू शकते. ते मायलोडिस्प्लेसिया, म्हणजे मज्जेत सदोष पेशी बनण्याचा आजार, किंवा ल्युकेमियाकडे जाते. म्हणून रक्ताचे आकडे जागेवर आल्यानंतरही मज्जेतल्या गुणसूत्रांची तपासणी अधूनमधून करावी लागते. सातवे गुणसूत्र हरवलेले दिसले, तर रोपणाचा प्रश्न पुन्हा समोर येतो.