पहिली फ्रेम शार्प, पुढच्या मऊ का?

लेन्स भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

भिगवणहून येऊन लेन्स परत करताना बरेच जण सांगतात, "बर्स्ट मारला, पहिली फ्रेम झकास, बाकीच्या गेल्या." लेन्स बिघडलेली असती तर पहिलीही गेली असती. बहुतेक वेळा कॅमेरा सिंगल फोकसवरच राहिलेला असतो.

हिशेब करून पाहा. ६०० मिमी, f/6.3 आणि पक्षी २० मीटरवर. फुल फ्रेमवर शार्प पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा मिळतो. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने तुमच्याकडे येत असेल, तर सेकंदाला १० फ्रेमच्या बर्स्टमध्ये दोन फ्रेमच्या मध्ये तो १ मीटर पुढे सरकतो. सिंगलमध्ये अर्धं बटण दाबताच अंतर कुलूपबंद होतं, म्हणजे दुसऱ्याच फ्रेमला पक्षी पट्ट्याबाहेर. कंटिन्युअसमध्ये कॅमेरा अंतर मोजत राहतो आणि पुढचं अंदाजाने धरतो. निकॉन-सोनीवर त्याला AF-C म्हणतात, कॅननवर Servo AF किंवा AI Servo.

पण या अंदाजासाठी त्याला थोडा वेळ हवा. फ्लेमिंगो उडण्याआधी पाण्यावरून धावतात. त्याच्याही आधी माना ताठ होतात, थवा एका दिशेला चालू लागतो. अर्धं बटण तेव्हाच दाबा आणि दाबूनच ठेवा. धाव सुरू झाली की पूर्ण दाबा, सेकंदभराने पुन्हा अर्ध्यावर या, बोट उचलू नका. सलग दाबून ठेवलंत तर बफर भरतो: रॉ फाइलच्या ३० फ्रेम मावत असतील तर तीन सेकंदांत खेळ खलास, आणि पंख नेमके तेव्हाच पूर्ण उघडलेले असतात. शटर १/२००० च्या खाली नको.

मेनूत AF-C ची प्रायॉरिटी Release वर असेल तर फोकस लागो न लागो, कॅमेरा फोटो काढतो. Focus वर ठेवा. वेग थोडा पडेल, पण कामाच्या फ्रेम वाढतील. लेन्सवर फोकस लिमिटरचा स्विच असेल तर तोही लांबच्या टप्प्यावर ढकला, नाहीतर पक्षी निसटला की लेन्स जवळपासून अनंतापर्यंत भटकत बसते.

बालेवाडीत कबड्डी टिपणाऱ्यांसाठी एकच जास्तीची गोष्ट: मध्ये दुसरा खेळाडू आडवा आला की फोकस त्याच्यावर उडी मारतो. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी "लॉक्ड ऑन"कडे सरकवा.

मऊ फ्रेम १०० टक्क्यांवर मोठी करून बघा. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं पाणी शार्प असेल तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेला फरफटलंय, तर शटर कमी पडलं किंवा हात हलला. ऊन चढल्यावर सगळंच लहरतंय, तर ती तापलेली हवा. तिथे कुठलीच सेटिंग चालत नाही, जवळ जाता आलं तरच फायदा.

यांपैकी काहीच लागू होत नसेल तर कार्डवरच्या त्या फ्रेम पुसू नका, लेन्ससोबत घेऊन या. दोष लेन्सचा निघाला तर त्या दिवसाचं भाडं आम्ही घेत नाही.