सर्टिफिकेटची मुदत संपली, सहीचं काय? पीडीएफमधल्या टाइमस्टॅम्पची पार्श्वभूमी

डिजिटल सही केलेला एक पीडीएफ करार घेऊ. सही ४ फेब्रुवारी २०२१ची, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सही तपासायची पब्लिक की त्याचीच आहे असं सांगणारा दाखला, ९ मार्च २०२१ला संपलेलं. आज फाइल उघडली तर गणित अजूनही जुळतं: मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, तोच, पब्लिक कीने तपासलेली सहीही तीच. मुदत संपली म्हणून सही खोटी होत नाही. अडतं ते दोन प्रश्नांवर. सही खरोखर मुदतीच्या आत झाली होती का? आणि तेव्हा सर्टिफिकेट रद्द झालेलं तर नव्हतं?

सुरुवातीच्या पीडीएफ सह्यांकडे पहिल्या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर नव्हतं. सहीची माहिती ठेवणाऱ्या डिक्शनरीतली `/M` ही वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून येते. अॅक्रोबॅट तसं स्पष्ट सांगतो: "Signing time is from the clock on the signer's computer." सही करायची गुप्त की, म्हणजे प्रायव्हेट की, चोरणारा घड्याळ मागे नेऊन आजची सही २०२१ची म्हणून खपवू शकतो.

ऑगस्ट २००१मध्ये आलेल्या आरएफसी ३१६१ या इंटरनेट मानकाने यावर तोडगा दिला. टाइमस्टॅम्प देणाऱ्या सर्व्हरकडे, म्हणजे टीएसएकडे, फक्त हॅश जातो. टीएसए त्या हॅशला आपली वेळ जोडतो आणि दोन्हींवर स्वतःची सही करून परत पाठवतो. पीडीएफच्या सहीत हा हॅश दस्तऐवजाचा नसतो, सहीच्या मूल्याचा असतो. म्हणून त्यातून सिद्ध होतं ते एवढंच: ही सही या वेळेआधी अस्तित्वात होती. नेमकी कोणत्या क्षणी केली, कोणी केली, मजकूर खरा आहे का, यातलं काहीही टाइमस्टॅम्प सांगत नाही.

एवढ्यानेही खूप फरक पडतो. समजा, की चोरीला गेल्यामुळे आपल्या उदाहरणातलं सर्टिफिकेट २० फेब्रुवारीला रद्द झालं. ४ फेब्रुवारीचा टाइमस्टॅम्प असेल तर सही त्याआधीची ठरते आणि टिकते. टाइमस्टॅम्प नसेल तर चोरी आधी की सही आधी हे दाखवता येत नाही, आणि सही मान्य करायला आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न रद्द-स्थितीचा. मुदत संपल्यावर सर्टिफिकेट देणारी संस्था त्याची नोंद रद्द-यादीतून, म्हणजे सीआरएलमधून, काढू शकते आणि ओसीएसपीचं, म्हणजे एकेका सर्टिफिकेटची स्थिती ऑनलाइन विचारायच्या सोयीचं, उत्तर देणंही थांबवू शकते. म्हणून पुरावा वेळेत गोळा करून फाइलमध्येच ठेवावा लागतो. पण ठेवायचा कुठे? सहीची `/Contents` ही जागा सही करण्याआधीच ठरावीक बाइट्सची राखलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. शिवाय अॅडोबीच्या जुन्या पद्धतीत हा पुरावा सहीच्या आतल्या, सही झालेल्या भागात बसायचा, म्हणजे तो सहीच्या आधीच मिळवावा लागायचा. तिथेच खोच आहे: सकाळी १० वाजताच्या सीआरएलवरून ११ वाजता सर्टिफिकेट चालू होतं हे कळत नाही.

२००९मध्ये युरोपच्या ईटीएसआय या मानक-संस्थेने पॅडीस नावाचं मानक काढलं आणि ही गाठ सोडवली. `DSS` ही वेगळी डिक्शनरी फाइलच्या शेवटी इन्क्रिमेंटल अपडेटने जोडायची आणि त्यात सर्टिफिकेटं, सीआरएल, ओसीएसपी उत्तरं ठेवायची. मूळ सहीच्या बाइट्सना हात लागत नाही. आता सहीनंतर निघालेला, म्हणजे टाइमस्टॅम्पच्या पुढच्या वेळेचा सीआरएलही घालता येतो. हा पुरावा टीएसएच्या सर्टिफिकेटसाठीही लागतो. तेच बऱ्याचदा विसरलं जातं. पुढे २०१७च्या आयएसओ ३२०००-२मध्ये, म्हणजे पीडीएफ २.०मध्ये, `DSS` आलं.

टीएसएचं सर्टिफिकेटही कधीतरी संपतं, हॅशही कमकुवत होतात. २०१७मध्ये एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या गेल्या. या दोन्हींवर उपाय म्हणून दस्तऐवजाचा टाइमस्टॅम्प आहे, `/SubFilter` `ETSI.RFC3161`. हा सहीवर नाही, सही आणि `DSS` धरून तोवरच्या सगळ्या फाइलवर बसतो. आधीच्या टीएसएची मुदत संपण्याआधी त्याच्या पुराव्याची भर `DSS`मध्ये घालायची आणि वर नवा टाइमस्टॅम्प लावायचा, दरवेळी मागच्यावर पुढचा थर. मात्र मधे कोणी फाइल "प्रिंट टू पीडीएफ" केली तर नव्या फाइलमध्ये सहीचं फक्त चित्र उरतं.

आपल्या करारात टाइमस्टॅम्प नव्हताच असं निघालं तर? आज लावलेला टाइमस्टॅम्प ही फाइल आज अस्तित्वात होती एवढंच सांगेल. ९ मार्च २०२१च्या आत ती होती हे त्यातून निघत नाही. तेव्हाची ईमेल नोंद किंवा संग्रहातली दिनांकित प्रत असा फाइलबाहेरचा पुरावा शोधावा लागतो, नाहीतर चालू सर्टिफिकेटने नव्याने सही घ्यावी लागते, या वेळी टाइमस्टॅम्पसकट.