पावसाळ्यात दुधाच्या पावडरचा दगड का होतो?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू दुधाच्या पावडरचं अर्धं पाकीट घेऊन आल्या. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला पावसाळ्यात दोन दिवस रस्ता बंद झाला की दूध येत नाही, म्हणून आगोटीच्या सामानात हल्ली पावडरचं पाकीटही असतं. काकूंच्या पाकिटात पावडर नव्हतीच, तळाशी पिवळसर ढेकूळ होतं. "मास्तर, हे बघा. यात काय सिमेंट घातलंनी की काय? मुलग्याने मोबाइलवर दाखवलंन, गोळे झाले म्हणजे भेसळ." पाकिटावरची तारीख अजून आठ महिने पुढची होती, त्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का झालेला.

ती भेसळ नव्हती. उलट दुधाच्या चांगल्या पावडरचाही आपल्या हवेत असाच दगड होतो, आणि तो का होतो हे रसायनशास्त्रातल्या मला अतिशय आवडणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. पाकिटावरची तारीख बंद पाकिटाची असते. कात्री लावली की ती संपते आणि दुसरंच घड्याळ चालू होतं. कोकणात ते घड्याळ जोरात धावतं.

आधी पावडर कशी बनते ते पाहू. दूध आटवून दाट करतात आणि उंच मनोऱ्यात बारीक तुषारांच्या रूपात सोडतात. तिथे १८० ते २०० अंशांची गरम हवा असते. थेंबातलं पाणी काही सेकंदांत उडून जातं आणि कण खाली पडतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, सायीसकट दुधाच्या पावडरमध्ये वजनाने एक तृतीयांशाहून जास्त असते, आणि साय काढलेल्या दुधाच्या पावडरमध्ये जवळजवळ निम्मी. एवढ्या घाईत या साखरेच्या रेणूंना नीट रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ते जसे होते तसे, अस्ताव्यस्त, जागच्या जागी गोठतात.

हा फरक समजायला खडीसाखर आणि लिमलेटची गोळी शेजारी ठेवून बघा. दोन्हीत साखरच. पण खडीसाखरेत रेणू रांगा धरून बसलेले असतात, ती स्फटिक आहे. लिमलेटची गोळी म्हणजे पाक झटकन थंड करून केलेली साखरेची काच. श्रावणात खडीसाखर डब्यात तशीच खुटखुटीत राहते, गोळी मात्र कागदाला चिकटते. दुधाच्या पावडरचा प्रत्येक कण आतून त्या गोळीसारखा असतो: लॅक्टोजची काच आणि तिच्यात अडकलेले प्रथिनांचे आणि स्निग्धाचे थेंब.

काच कोरडी असेल तोवर घट्ट असते. पूर्ण कोरड्या लॅक्टोजची काच मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण पाण्याचे रेणू आत शिरले की ते साखरेच्या रेणूंच्या मधे घुसून त्यांना हलायला मोकळीक देतात, आणि मऊ पडण्याचं तापमान भराभर खाली येतं. शंभर ग्रॅम लॅक्टोजमध्ये सहा-सात ग्रॅम पाणी शिरलं की ते चक्क खोलीच्या तापमानाला येऊन ठेपतं. म्हणजे कुणी तापवलेलं नसताना, फडताळातल्या पाकिटात, काच वितळायला लागते. हे व्हायला हवेत साधारण ४० टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे जुलैत ८५-९० टक्के असते. घरात आर्द्रता मोजायचं यंत्र नको, मिठाची बरणी बघा: साध्या मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटतं. मीठ ओलं दिसलं की पावडरच्या दृष्टीने हवा केव्हाच धोक्याच्या पलीकडे गेलेली असते.

मऊ पडलेले कण एकमेकांना चिकटतात. इथपर्यंत गोळे बोटांनी चुरडता येतात. पुढची पायरी घातक आहे. रेणूंना हलायला मोकळीक मिळाली की ते रांगा धरू लागतात, काचेचे स्फटिक होतात. आणि स्फटिकाला तेवढं पाणी लागत नाही! स्फटिक होताना लॅक्टोज फक्त पाच टक्के पाणी स्वतःत ठेवतं आणि काचेने हवेतून ओढलेलं उरलेलं बाहेर टाकतं. हे सुटलेलं पाणी शेजारच्या कणाला मिळतं, तो मऊ पडतो, त्याचेही स्फटिक होतात. बाहेरून आणखी ओल आली नाही तरी आतल्या आत हे पुढे सरकत जातं. कणांमधले चिकट पूल स्फटिकांचे होऊन कडक बनतात, आणि काकूंच्या हातात दगड येतो. काच फुटल्यावर आत अडकलेलं स्निग्ध बाहेर येतं, त्याला हवा लागते आणि जुन्या तेलाचा, पुठ्ठ्यासारखा वास सुरू होतो. लॅक्टोज आणि प्रथिनं ओलसर जागी भेटली की हळूहळू तपकिरी रंग धरतो, भाकरीच्या पापुद्र्याला धरतो तोच. ढेकूळ पिवळसर होतं ते यामुळे. अशी पावडर गरम पाण्यातही धड विरघळत नाही, तळाशी कणी राहते.

आता प्रश्न असा की ओल आत जाते कुठून? सगळे म्हणतात, झाकण वारंवार उघडल्याने. हिशोब करून पाहू. २८ अंशांच्या आणि ८८ टक्के आर्द्रतेच्या हवेत एका लिटरमागे साधारण २४ मिलिग्रॅम वाफ असते. दीड लिटरच्या डब्यात अर्धा किलो पावडर आहे आणि वर अर्धा लिटर जागा रिकामी आहे असं धरू. झाकण एकदा उघडून ती सगळी हवा बदलली तरी आत येणार १२ मिलिग्रॅम. पावडर बिघडायला तिच्यात तीन टक्के, म्हणजे १५ ग्रॅम पाणी वाढावं लागतं. त्यासाठी झाकण बाराशेहून अधिक वेळा उघडावं लागेल. रोज दोनदा उघडलं तर दीड वर्षाच्या वर!

म्हणजे दोषी झाकण उघडणं नव्हे. मी काकूंना विचारलं की पावडर कशी काढता. चहाचं आधण उकळत असताना पाकीट पातेल्यावर धरून, चहातलाच चमचा घालून. तोंड दुमडून रबर लावून ठेवायचं. सगळी उत्तरं यात आली. ओल्या चमच्यावर पाव ते अर्धा ग्रॅम पाणी सहज असतं, म्हणजे झाकण वीस ते चाळीस वेळा उघडण्याइतकं, आणि तेही सगळं एकाच जागी. तिथे स्फटिकांची सुरुवात होते. उकळत्या चहाच्या वाफेत खोलीच्या हवेच्या कित्येक पट पाणी असतं आणि ते थंड पावडरवर बसतं. आणि दुमडलेलं पाकीट बंद नसतंच, त्याच्या घड्यांतून दिवसरात्र हवा आत-बाहेर करते.

म्हणून पाकीट फोडल्याच्या दिवशीच पावडर तीन-चार छोट्या, घट्ट झाकणाच्या, उन्हात किंवा शेगडीच्या उबेत पूर्ण वाळवून मग थंड केलेल्या बरण्यांत भरावी. एकच बरणी वापरात ठेवावी, कोरडा चमचा तिच्यातच असावा आणि पावडर शेगडीपासून लांब काढावी. अशी ठेवली तर वापरातली पावडर महिनाभर उत्तम राहते. फ्रिजमध्ये ठेवायची तर बरणी बाहेर काढून तासभर बंदच राहू द्या. पावसाळ्यात आपल्या हवेतलं दव साधारण २६ अंशांना पडतं, फ्रिजमधली बरणी ५ अंशांवर असते. थंड असताना उघडली तर पावडरवर अक्षरशः दव पडेल. तान्ह्या बाळाच्या पावडरचा नियम मात्र वेगळा आणि कडक: डब्यावर लिहिलेली उघडल्यानंतरची मुदत, जी बहुधा महिन्याची असते, ती पाळायची, डबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आणि गोळे झाले तर चाळून वापरायची नाही.

जॅमची गोष्ट याच सूत्रात बसते. जॅममध्ये पाणी भरपूर असतं, पण ६५ टक्के किंवा अधिक साखर ते धरून ठेवते, म्हणून जंतूंना ते मिळत नाही. उघड्या बरणीच्या पृष्ठभागाशी पावसाळी हवा आली की उलटं घडतं. हवा जॅमपेक्षा ओली असते, म्हणून जॅमचा वरचा थर पाणी ओढून घेतो आणि तिथे साखर पातळ होते. बुरशी नेहमी वरच दिसते त्याचं एक कारण हे. मुरंब्याला, लोणच्याला बुरशी आली की अजूनही काही घरांत विचारतात, विटाळ असताना बरणीला कोणी हात लावला. हा प्रश्न कायमचा बंद व्हायला हवा. बुरशीला पाणी लागतं, ते ओल्या चमच्याने आणि सैल झाकणाने येतं, बाईच्या पाळीने नाही. उघडलेला जॅम फ्रिजमध्येच ठेवा, सहा महिने चालतो. कमी साखरेचा जॅम एवढा टिकत नाही, तो काही आठवड्यांत संपवावा. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाली खाऊ नका, बुरशीचे तंतू आणि विषं मऊ पदार्थात न दिसता खोल उतरतात.

टोमॅटो सॉसला साखरेपेक्षा व्हिनेगरचा आंबटपणा वाचवतो. फोडलेली बाटली बाहेर महिनाभर आणि फ्रिजमध्ये सहा महिने ठीक. बाटलीच्या तोंडाशी सुकलेला काळपट थर पुसत जा, बुरशी तिथून सुरू होते.

तुपाचं दुखणं वेगळं. त्यात पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून बुरशीला काहीच मिळत नाही, तूप बिघडतं ते हवा, उजेड आणि उष्णतेने. ते खवट होतं. पण आपल्याकडे मे महिन्यात तूप पातळ असताना ओला चमचा बुडाला तर पाण्याचे थेंब तळाशी जाऊन बसतात आणि पावसात तूप थिजलं की ते तिथेच कोंडले जातात. बरणीच्या वरचं तूप छान रवाळ आणि तळाचं आंबूस, असं होतं ते यामुळे. उघडलेलं तूप अंधाऱ्या फडताळात दोन-तीन महिने, आणि मोठा डबा असेल तर लागेल तेवढं छोट्या बरणीत काढून बाकीचं बंद. तळाला पाण्याचा थेंब दिसला तर ते तूप लगेच मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत कढवून, गाळून घ्या. आंबूस किंवा खवट वास मात्र कढवून जात नाही.

काकूंच्या पाकिटातलं ढेकूळ मी फोडून बघितलं. कडेची पावडर बोटाने चुरडत होती, वास गोड होता, ती चहाला चालली. मधला पिवळा गाभा गरम पाण्यात टाकून पाच मिनिटं ढवळला तरी तळाशी कणी राहिली, वासही पुठ्ठ्याचा, तो परसात टाकला. गणपतीला चाकरमानी यायचे आहेत, म्हणून त्यांनी नवीन पाकीट आणलंय. ते अजून फोडलेलं नाही, बरण्या आधी वैलावर वाळत ठेवल्यात.