यमक राखायचं की ठेका? टुणुक टुणुक भोपळा इंग्रजीत नेताना

आपली गोष्ट इंग्रजी चित्रपुस्तकासाठी सांगायला बसलं की पहिल्या तासाभरातच एक गल्लत होते. मूळ गोष्टीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी कानाला गोड लागतात, त्या गोडीला आपण ‘यमक’ असं नाव देऊन टाकतो आणि इंग्रजीत यमकं शोधू लागतो. त्या ओळींना चालवणारी गोष्ट मात्र दुसरीच असते. ती म्हणजे ठेका. यमक आणि ठेका मराठीत इतके एकत्र नांदतात की ते दोन आहेत हेच लक्षात येत नाही. इंग्रजीत शिरताना त्यांची फारकत होते आणि कुणाचा हात सोडायचा ते ठरवावं लागतं.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत जंगल लागलं. कोल्हा भेटला, मग लांडगा, मग वाघ. प्रत्येकजण म्हणतो, “म्हातारे, मी तुला खातो.” (घरोघरी प्राण्यांचा क्रम आणि शेवट थोडा वेगळा असतो. मी आमच्या घरची गोष्ट धरली आहे.) म्हातारीचं उत्तर दर वेळी एकच:

लेकीकडे जाईन,
तूपरोटी खाईन,
जाडजूड होईन,
मग तू मला खा.

जाईन, खाईन, होईन हे यमक कुणी बसून जुळवलेलं नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘मी’ पुढे काय करणार ते सांगताना त्याच्या टोकाला ‘ईन’ किंवा ‘एन’ लागतोच. म्हणजे हे यमक व्याकरणाने फुकट दिलेलं आहे. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून आधी येतं आणि ओळ कर्मावर किंवा स्थळावर संपते. फुकट मिळणारं यमक तिथे विकत घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा म्हातारीच मोजते.

कशी, ते माझ्याच पहिल्या खर्ड्यात दिसतं. मी असं लिहिलं होतं: ‘टू माय डॉटर्स आय विल गो, ऑन घी अँड रोटी आय विल ग्रो, देन यू मे ईट मी, डोन्ट से नो.’ गो, ग्रो, नो. यमक चोख आहे. पण ‘टू माय डॉटर्स आय विल गो’ असं इंग्रजीत आज कुणी बोलत नाही. शब्द उलटेपालटे झाले आहेत ते फक्त ‘गो’ शेवटी यावा म्हणून. त्याहून वाईट शेवटचं ‘डोन्ट से नो’. मूळ गोष्टीत म्हातारी विनवणी करत नाही. ती सौदा मांडते: आत्ता खाशील तर हाडं मिळतील, चार दिवस थांबशील तर मांस मिळेल. ‘नाही म्हणू नकोस रे’ हे शब्द तिच्या तोंडी आले आणि धूर्त म्हातारी केविलवाणी झाली. शक्तीपेक्षा युक्ती मोठी, हे गोष्टीचं तात्पर्य तिथेच पातळ झालं, आणि ते करणारं होतं एक भरतीचं यमक.

आता ठेका पाहू. वरच्या चार ओळींच्या मात्रा मोजल्या तर पहिल्या दोन प्रत्येकी 12 मात्रांच्या आहेत. तिसरी 11 मात्रांची आहे, पण आजी ‘जाऽडजूड’ म्हणताना गाल फुगवते आणि ती मात्रा भरून निघते. चौथी ओळ 9 मात्रांची आहे आणि ती ‘खा’वर थाडकन थांबते. तीन सारख्या पावलांनी चालत यायचं आणि चौथ्याला एकदम थबकायचं, ही या पालुपदाची चाल आहे. मूल टाळ्या वाजवतं ते या चालीवर. यमक काढून टाकलं तरी ही चाल शिल्लक राहते.

इंग्रजीचा ठेका मात्र मात्रांनी मोजून चालत नाही. तिथे प्रत्येक शब्दात कुठल्या अक्षरावर जोर पडायचा ते ठरलेलं असतं. डॉटर, पम्पकिन, रोटी हे सगळे शब्द पहिल्या अक्षरावर जोर घेतात. ओळीत असे जोर किती आणि किती अंतराने पडतात, त्यावर ठेका बनतो. ‘रोटी’चं यमक ‘मी’शी जुळवायचा मोह होतो, पण मग वाचणाऱ्याला ‘टी’वर जोर द्यावा लागतो आणि तो अडखळतो. यमक डोळ्यांना जुळलेलं दिसतं, जिभेला मात्र ते लंगडं असतं.

शेवटी मी हे ठेवलं:

आय’ल गो अँड सी माय डॉटर,
आय’ल ईट हर घी अँड रोटी,
आय’ल ग्रो अ ग्रेट बिग बेली,
देन ईट मी.

इंग्रजी उच्चाराने मोजली तर पहिल्या तिन्ही ओळींत 7 अक्षरं आणि 3 जोर आहेत: गो, सी, डॉ, ईट, घी, रो, ग्रो, ग्रेट, बे. ओळीचा शेवट दर वेळी जोराच्या अक्षरानंतर हलकेच खाली उतरतो, जवळपास ‘जाईन’चा शेवट उतरतो तसा. चौथी ओळ 3 अक्षरांत संपते आणि थबकते. यमक म्हणावं असं इथे काही नाही. मराठीत ‘ईन’ ओळीच्या शेवटी जे काम करतो, ते इथे ‘आय’ल’ ओळीच्या सुरुवातीला करतो, कारण इंग्रजीत पुनरावृत्ती तिथेच सहज बसते. आणि म्हातारी ‘लेट मी’ असं विचारत नाही, ‘आय’ल’ असं सांगते. तिचा सौदा शाबूत राहिला. तूप आणि रोटीही राहिली. त्यांना ‘बटर अँड ब्रेड’ करायची मला गरज वाटत नाही.

दुसरं पालुपद भोपळ्याचं. ‘चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक.’ इथे मला ‘टुणुक’ तसाच ठेवायचा होता. पण इंग्रजी लिपीत ‘यू’ वापरून तो लिहिला की मराठी न येणारा वाचक त्याला ‘ट्यूनिक’च्या वळणावर नेतो, आणि ‘यू’च्या जागी डबल ओ घातला की तो ‘टूनूक’ असा लांबतो. दोन्हीकडे उडी जड होते. म्हणून मी लिहिलं, ‘हॉप, माय पम्पकिन, हॉपिटी-हॉप.’ मराठी ओळ म्हणताना चार टाळ्या पडतात, इथेही चारच. ‘रोली-पोली’ कानाला छान लागलं असतं, पण मग भोपळा गडगडत गेला असता. बंगालीतल्या आणि फारसीतल्या याच धाटणीच्या गोष्टींत तो गडगडतोच. मराठीत मात्र तो उड्या मारतो आणि चित्रकारालाही तसाच काढावा लागतो, वाटेपासून वीतभर वर. शब्द बदलला की चित्रही बदलतं.

आता तात्पर्याकडे येऊ, कारण ते ठेक्यालाच बांधलेलं आहे. जाताना तिन्ही प्राण्यांना म्हातारी एकच पालुपद ऐकवते. परतताना ती भोपळ्याच्या आत असते. वाघ भोपळ्याला विचारतो, “म्हातारी पाहिलीस का?” आतून उत्तर येतं, “कशाची म्हातारी नि कशाची कोतारी, चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक.” पालुपद बदललं! तिने कबूल केल्याप्रमाणे सगळं केलं आहे. ती लेकीकडे गेली, खाल्लं, जाड झाली. फक्त ‘मग तू मला खा’ ही चौथी ओळ गायब आहे. युक्ती नेमकी त्या गायब ओळीत आहे, आणि ती मुलाला कळते कारण आधीची ओळ त्याने तीन वेळा, एकही शब्द न बदलता, ऐकलेली असते.

म्हणूनच ‘तेच ते नको’ म्हणून लांडग्याच्या वेळी शब्द फिरवणं आणि वाघाच्या वेळी दोन ओळी गाळणं ही सुधारणा घातक ठरते. मोठ्यांना पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते आणि शब्दांची मर्यादाही आड येते. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं आणि आजकाल मजकूर 500 शब्दांच्या आसपास हवा असतो. माझं पहिलं पालुपद 21 शब्दांचं, तीनदा आलं की 63. परतीचं 10 शब्दांचं, तीनदा आलं की 30. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा पालुपदातच जातो. तो जाऊ द्यावा. कापायचंच असेल तर जंगलाचं वर्णन कापावं, ते चित्रात दिसतंच.

‘म्हातारी-कोतारी’ने मला सगळ्यात जास्त छळलं. मराठीत दुसरा शब्द निरर्थक आहे, तो पहिल्याला उडवून लावतो. इंग्रजीत ‘ग्रॅनी-श्मॅनी’ असा प्रकार होतो, पण तो यिद्दिशमधून अमेरिकेतल्या बोलीत आलेला आहे आणि त्याला तिथल्या शहरांचा वास आहे. आपली म्हातारी त्यात परकी वाटते. मग नाद सोडला आणि झटकून टाकण्याचा भाव धरला: ‘व्हॉट ओल्ड वुमन? व्हिच ओल्ड वुमन? हॉप, माय पम्पकिन, हॉपिटी-हॉप.’ दोन्ही ओळींत चार-चार जोर आहेत. वाघाचा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आणि हे उत्तर पान उलटल्यावर. म्हणजे पान उलटेपर्यंतच्या त्या क्षणात उत्तर मूलच देऊन टाकतं.

ठेका जमला की नाही हे स्वतःला कळत नाही, कारण आपल्या कानात आजीची चाल वाजत असते आणि ती खराब ओळीलाही सावरून घेते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी हे पुस्तक वाचणारा बाबा किंवा शिक्षिका ती चाल जाणत नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हाती कागद द्यावा, आधी वाचू न देता मोठ्याने वाचायला लावावं आणि आपण फक्त टाळ्या मोजाव्यात. तो जिथे थांबून मागे जाऊन पुन्हा वाचतो, तिथे जोर चुकीच्या अक्षरावर पडला आहे. यमकाची परीक्षा वेगळी. यमकाचा शब्द झाकून ओळ वाचायची. अर्थात काहीच उणं झालं नाही तर तो शब्द भरतीचा. ‘डोन्ट से नो’ याच परीक्षेत पडलं.

शेवटच्या पानावर ‘क्लेव्हरनेस बीट्स स्ट्रेंग्थ’ असं एक वाक्य माझ्या खर्ड्यात बरेच दिवस होतं. तसंच, म्हातारीने खोटं बोलू नये म्हणून प्राण्यांना तिचे मित्र करून टाकावं, अशीही सूचना आली होती. दुसरी मी मानली नाही. वाघ खाणारच नसेल तर सौद्याला अर्थ उरत नाही आणि भोपळ्यात बसायचं कारणही उरत नाही. पहिलं वाक्य मी खोडलं. आता त्या पानावर म्हातारीचं दार आहे, दाराशी रिकामा भोपळा आहे आणि आतून येणारा तिचा आवाज: ‘व्हिच ओल्ड वुमन?’